ओलीने कुजलेले लाकूड: जुन्या तुळया आणि चौकटी कशा तपासाव्यात आणि कशा वाचवाव्यात

जुन्या चौकटीचा पाय मऊ लागला की बहुतेक लोक आधी औषध विचारतात. कुठली पावडर लावू, कुठलं तेल चोपडू, वरून कशाने भरून काढू? या प्रश्नांची उत्तरं पुढे आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. लाकूड बुरशी खाते खरी, मात्र त्या बुरशीला जगवतं पाणी. पाण्याची वाट बंद केली नाही तर भारीतलं औषधही काही वर्षांत धुऊन जातं आणि त्याच जागी नवं लाकूडही कुजतं. उलट, पाणी थांबलं आणि लाकूड सुकलं, तर औषध नसतानाही कूज जागच्या जागी थांबते. म्हणून पाणी कुठून येतंय ते शोधणं, चांगलं लाकूड कुठे सुरू होतं ते ठरवणं आणि त्यानंतर औषध व सांधा, या क्रमानेच इथे जाऊ.

बुरशीला किती ओल लागते

लाकडातला ओलावा टक्क्यांत मोजतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत त्यात पाणी किती, हा तो आकडा. घरातलं वाळलेलं लाकूड साधारण 10 ते 15 टक्क्यांवर असतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आहे तोवर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. तिला मूळ धरायला साधारण 28 ते 30 टक्के लागतात, म्हणजे तंतूंच्या भिंती पाण्याने पूर्ण भरलेल्या हव्यात. मधल्या पट्ट्यात नवी लागण सहसा होत नाही, पण आधीची लागण तग धरू शकते. म्हणून कामाच्या सोयीसाठी 20 हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्या वर लाकूड महिनोन्‌महिने राहत असेल, तर आज काही दिसत नसलं तरी त्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

पावसाची झड बसली आणि दोन दिवसांत वाळली, तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ओल अडकून राहते तिथे. सिमेंटमध्ये पुरलेला चौकटीचा पाय, बाहेरच्या भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक, गळक्या पन्हळीखालचा वासा, न्हाणीघराच्या दारातला उंबरठा, गिलाव्याआड झाकलेली चौकटीची पाठ, या तशा जागा. यांतल्या बऱ्याच जागी लाकडाचा टोकाचा आडवा छेद भिंतीला किंवा फरशीला टेकलेला असतो. लाकूड रेषेच्या दिशेने पाणी फार वेगाने ओढतं, आडव्या दिशेने त्या मानाने खूपच हळू. त्यामुळे चौकट पायापासून कुजते आणि तुळई टोकापासून. तपासणीची सुरुवातही तिथूनच करावी.

कूज दिसायला दोन तऱ्हेची असते. एकीत लाकूड तपकिरी होतं, आक्रसतं आणि त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी ठोकळे तयार होतात. असा एक ठोकळा चिमटीत धरून चोळला की त्याची तपकिरी पूड होते. बुरशीने लाकडाला ताकद देणारा तंतूंचा भाग खाल्लेला असतो आणि मागे ठिसूळ सांगाडा उरलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेत लाकूड फिकट, पांढुरकं पडतं, दाबलं तर स्पंजासारखं लागतं आणि ओढलं की दोऱ्यादोऱ्यांनी सुटतं. तपकिरी कूज जास्त फसवी. तिच्यात वजन अगदी थोडं घटलेलं असतानाच ताकद बरीच उतरते, म्हणजे डोळ्याला जेमतेम रंगबदल दिसतो तेव्हा आतलं नुकसान बरंच पुढे गेलेलं असू शकतं.

थंड प्रदेशांत सर्प्युला लॅक्रिमन्स नावाची एक बुरशी भिंतीतून तंतू पसरवत ओल सोबत घेऊन जाते आणि लांबच्या लाकडापर्यंत पोचते. ती सापडली तर भोवतालची भिंतही उघडून तपासावी लागते. उष्ण हवेत तिचा निभाव लागत नाही. तिथे कूज बहुतेक वेळा ओल्या जागेपुरतीच राहते आणि दुरुस्ती त्या मानाने सोपी होते.

पृष्ठभागावर दिसणारे काळे-हिरवे ठिपके किंवा निळसर डाग वेगळे. ती बुरशी साखर-पिष्ट खाते आणि लाकडाची ताकद फारशी घटवत नाही. ठिपके पुसले की बरेचसे निघतात, निळसर डाग आत मुरलेला असतो. मात्र तिथे ओल आहे एवढी खबर ती देते, म्हणून पुसून विसरून जाऊ नये. वाळवी आणि भुंगेरा यांच्याशीही गल्लत होते. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात आणि लाकूड रेषेच्या दिशेने पोखरलेलं असतं. भुंगेऱ्याची बारीक गोल भोकं असतात आणि खाली पीठ सांडलेलं असतं. चौकोनी भेगा आहेत पण मातीही नाही आणि भोकंही नाहीत, तर ती बुरशीची कूज. ओल्या लाकडात दोन्ही त्रास एकत्रही येतात, तेव्हा एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं सोडू नये.

तपासणी: टोच्या, हातोडी आणि गिरमिट

नजरेने सुरुवात करा, पण नजरेवर थांबू नका. तैलरंगाच्या थराखाली लाकूड पूर्ण पोकळ झालेलं असतं आणि रंग मात्र शाबूत दिसतो. रंगावर बारीक सुरकुत्या, हलकासा खोलगटपणा, बिजागरीचे स्क्रू वारंवार सैल होणं, दार खाली घासायला लागणं, जवळ नाक नेल्यावर अळंब्यासारखा कुबट वास, या खुणांवरून संशयाची जागा ठरवा.

मग हातोडीच्या दांड्याने किंवा लाकडी मोगरीने खालून वर ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक आणि भरीव येतो, कुजलेल्याचा बद्द. पण ठोकून फक्त मोठी पोकळी कळते. सुरुवातीची कूज ठोकून कळत नाही, त्यासाठी टोच्या लागतो.

टोच्याची परीक्षा दोन प्रकारे करायची. पहिली सरळ: टोच्या लाकडावर काटकोनात धरून हाताच्या जोराने दाबा आणि किती आत जातो ते पाहा. तीच ताकद लावून आधी त्याच चौकटीच्या वरच्या, खात्रीच्या कोरड्या भागात दाबून बघा. तिथे तो दोन-तीन मि.मी. गेला आणि खाली वीस गेला, तर वेगळं सांगायला नको. दुसरी परीक्षा मला जास्त विश्वासाची वाटते. टोच्या रेषेच्या दिशेने तिरका घालायचा, पाच-सहा मि.मी. आत जाऊ द्यायचा आणि दांडा खाली दाबून लाकडाची ढलपी वर उचलायची. चांगलं लाकूड असेल तर चर्रकन आवाज होऊन लांब, दोरेदार ढलपी उठते आणि तिचं एक टोक लाकडाला धरून राहतं. कुजायला लागलेल्या लाकडात ढलपी टोच्याच्या वरच आडवी मोडते, तुकडा आखूड निघतो आणि आवाज जवळजवळ होत नाही. रंग अजून बदललेला नसताना, दाबून टणक लागत असतानाही ही आखूड मोड दिसू शकते. ओलं लाकूड मुळात थोडं मऊ असल्याने पहिल्या परीक्षेत ते कुजल्यासारखं वाटू शकतं. ही दुसरी परीक्षा तो संशय फेडते.

आतल्या भागासाठी पाच-सहा मि.मी.चं गिरमिट घ्या आणि हळू फिरवा. बाहेर येणाऱ्या भुशाकडे लक्ष ठेवा. फिकट, सलग, कुरळा भुसा येतोय तोवर लाकूड ठीक आहे. भुसा एकदम गडद, दमट आणि चुऱ्यासारखा झाला, किंवा गिरमिट जोर न लावता पुढे सरकलं, की तिथे कूज आहे. किती खोलीवर हे झालं ते गिरमिटाला चिकटपट्टी लावून मोजा आणि लिहून ठेवा. तुळईला भोकं पाडताना ती गाळ्याच्या मध्यावर खालच्या बाजूने पाडू नयेत, तिथे सगळ्यात जास्त ताण असतो. भोक टोकाजवळ, उंचीच्या मधोमध, बाजूने आत तिरकं जाऊ द्यावं, म्हणजे भिंतीत गाडलेल्या भागाचीही खबर लागते.

ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं. ते उपयोगी आहे, पण भिंतीतले क्षार लाकडात उतरले असतील तर आकडा जास्त दाखवतं, आणि बहुतेक मीटरच्या सुया वरचे काही मि.मी.च मोजतात. एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका. एकाच लाकडावर खालून वर ओळीने मोजत गेलात, तर आकडे कसे उतरतात त्यावरून पाणी कुठून येतंय ते कळतं. मीटर नसेल किंवा त्यावर शंका असेल, तर लाकडाचा छोटा तुकडा काढून लगेच वजन करा, 103 अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. तुकडा 52 ग्रॅमचा 40 ग्रॅम झाला, तर 12 ग्रॅम पाणी गेलं. 12 भागिले 40, म्हणजे ओलावा 30 टक्के. या पद्धतीला क्षार फसवत नाहीत.

पाण्याची वाट आणि सुकायला लागणारा वेळ

आकडे हातात आले की पाणी शोधणं अवघड जात नाही. खाली सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी, तर पाणी फरशीतून किंवा पायातून चढतंय. वरच्या कोपऱ्यात जास्त, तर छत, पन्हळ किंवा वरच्या मजल्याची नळी. सगळीकडे थोडं थोडं जास्त, तर हवाच कोंडलेली. न्हाणीघराच्या दारात बऱ्याचदा फरशीचा उतार चौकटीकडे असतो आणि सांध्यातली भर झिजलेली असते. पाणी रोज थोडं थोडं चौकटीच्या बुडाशी मुरतं. हे आधी दुरुस्त करा: उतार, भर, गळती, पन्हळ, जे असेल ते.

मग थांबा. इथे लोकांचा धीर सुटतो. वीटकाम सुकायला जाडीच्या दर 25 मि.मी.ला अंदाजे महिना लागतो, असा एक ठोकताळा आहे. जाड भिंतीत बसवलेलं तुळईचं टोक काही आठवड्यांत कोरडं होणार नाही. रंग खरवडून काढा, टोकाभोवतीचा गिलावा मोकळा करा, वारा खेळता ठेवा. हीटर लावून लाकूड एकाएकी तापवू नका, बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि खोल चिरा पडतात. जुना रंग घासताना एक खबरदारी: जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडा सँडपेपर मारून धूळ उडवू नका. ओलं करून खरवडा, मास्क लावा आणि खरवडलेले तुकडे गोळा करा.

औषध कोणतं आणि कधी

घरातल्या लाकडासाठी बोरॉनचे क्षार मला सगळ्यात योग्य वाटतात. त्यांना रंग नाही, वास नाही, आणि ते बुरशी व भुंगेरा दोघांवरही चालतात. त्यांचा एक गुणधर्म नीट समजून घेतला पाहिजे: ते लाकडात पसरतात ते लाकडातल्याच पाण्यातून. लाकूड कोरडं असेल तर औषध वरच्या एखाद-दोन मि.मी.तच राहतं. लाकूड 25-30 टक्के ओलं असेल तर ते हळूहळू आत खोलवर जातं. त्यामुळे पाणी बंद केल्यानंतर, पण लाकूड अजून दमट असताना औषध लावायचं, मग सुकू द्यायचं. सांधा आणि चिकटवणं हे सगळं त्यानंतर. सुकवून मग औषध लावलं तर बोरॉन पुरेसं आत शिरत नाही, आणि औषधाच्या ओल्या लाकडावरच चिकटवलं तर सांधा धरत नाही.

घरी द्रावण करायचं तर एक लिटर गरम पाण्यात 90 ग्रॅम बोरॅक्स आणि 60 ग्रॅम बोरिक अॅसिड घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. दोन्ही वेगवेगळे पाण्यात फार विरघळत नाहीत, एकत्र घातले की बरेच जास्त विरघळतात. थंड झाल्यावर तळाला खडे जमले तर पुन्हा गरम करा. रंग काढलेल्या उघड्या लाकडावर ब्रशने भरपूर लावा, शोषून घेतलं की लगेच दुसरा हात, मग तिसरा. जाड लाकडात हे पुरत नाही. तिथे 8 ते 10 मि.मी.ची भोकं जाडीच्या दोन-तृतीयांश खोल, किंचित खाली झुकती पाडा, एकमेकांपासून साधारण 15 सें.मी.वर आणि एका रेषेत न येता आलटून-पालटून. त्यांत तयार मिळणारी बोरॉनची पेस्ट किंवा कांड्या भरा आणि लाकडी खुंटीने तोंड बुजवा. कांड्या हळूहळू विरघळतात, म्हणून पुढे कधी ओल आली तर त्या पुन्हा कामी येतात.

बोरॉनची मर्यादा अशी की ते पाण्यात धुऊन जातं. पावसात उघड्या असलेल्या लाकडात ते वरून रंग लावल्याशिवाय टिकत नाही, मातीला टेकलेल्या लाकडात तर रंग लावूनही नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्यात ठेवू नका, उरलेलं द्रावण झाडांच्या मुळाशी ओतू नका, झाडं जळतात. गरोदर बाईने हे काम करू नये.

काळं ऑइल, रॉकेल आणि मिठाचं पाणी हे तिन्ही उपाय वारंवार सुचवले जातात. वापरलेलं इंजिन ऑइल बुरशीसाठी धड औषध नाही, त्यात घातक धातू असतात आणि त्यावर नंतर रंग किंवा गोंद बसत नाही. रॉकेल उडून जातं आणि आगीचा धोका मागे ठेवतं. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणजे ज्याच्याशी झगडायचं तेच जवळ करायचं. ब्लीचिंगचं पाणी वरचे डाग पांढरे करतं, आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही.

चौकटीचा पाय: एक काम सुरुवातीपासून

समजा न्हाणीघराच्या दाराची जुनी चौकट आहे. उभा खांब 100 मि.मी. रुंद, म्हणजे न्हाणीघराच्या बाजूपासून खोलीच्या बाजूपर्यंत, आणि 75 मि.मी. जाड. पाय फरशीत पुरलेला. खालच्या वीतभर भागावर रंगाला सुरकुत्या आहेत आणि खालची बिजागरी सैल झाली आहे.

मीटर फरशीजवळ 34 टक्के दाखवतो, 30 सें.मी.वर 24, 60 सें.मी.वर 17 आणि मीटरभर उंचीवर 13. म्हणजे पाणी खालून आहे. टोच्या फरशीपासून 12 सें.मी.पर्यंत सहज 20-25 मि.मी. आत जातो, 15 सें.मी.वर आठ मि.मी., आणि 20 सें.मी.च्या वर सगळीकडे दोन-तीनच. पण ढलपीची परीक्षा घेतली तर 20 सें.मी.वरही ढलपी आखूड मोडते, 25 वर लांब उठते. म्हणजे सरळ दाबून मिळालेली हद्द खोटी होती आणि खरी हद्द 25 च्या आसपास आहे. तिथून वर अजून साधारण 15 सें.मी. चांगलं दिसणारं लाकूडही काढायचं, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. छेद 40 सें.मी.वर येतो.

उतार आणि फरशीची भर आधी दुरुस्त केली आहे असं धरू. दार उतरवा. रंग मीटरभर उंचीपर्यंत काढा. छेदाच्या वर, 65 ते 95 सें.मी.च्या दरम्यान पेस्टची तीन-चार भोकं भरा आणि वरच्या भागाला द्रावणाचे हात द्या. त्या उंचीवर लाकूड 17 टक्क्यांच्या आसपास असल्याने औषध फार खोल जाणार नाही, ते पुढची राखण म्हणून. सांध्याच्या जागेवर मात्र द्रावण लावू नका, क्षाराच्या थरावर गोंद नीट धरत नाही.

आता छेद. सरळ आडवा छेद देऊ नका, त्यात टोकाला टोक चिकटतं आणि तो सांधा कच्चा असतो. तिरका द्या: न्हाणीघराच्या बाजूला 40 सें.मी.वर सुरू होऊन खोलीच्या बाजूला 60 सें.मी.वर संपणारा. उताराची दिशा उलटी झाली तर काम फुकट जातं. ओल्या बाजूला सांध्याची रेघ सगळ्यात खाली असली, की खांबावरून ओघळणारं पाणी आत चढू शकत नाही. रेघ ओल्या बाजूला वर असेल तर सांधा पाणी आत घेतो.

छेद घेतल्यावर उघड्या पडलेल्या लाकडाकडे नीट पाहा. कुठे तपकिरी रेघ किंवा डाग दिसला, तर तिथे पटाशीने ढलपी काढून बघा आणि गरज पडली तर छेद आणखी वर न्या. दोन-चार सें.मी. लाकूड वाचवायच्या मोहात पूर्ण सांधा पुन्हा उघडायची वेळ येते. पुरलेला खुंटा पटाशीने फोडून काढा, खड्डा झाडून सुकू द्या आणि मग गवंड्याकडून भरून फरशीच्या पातळीला आणा.

नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा, वाळलेला, रेषा त्याच दिशेच्या. तो गाभ्याचाच घ्या. सालीलगतचं फिकट लाकूड कुठल्याही जातीचं असो, सागाचंसुद्धा, ते बुरशीपुढे टिकत नाही. बसवण्यापूर्वी नव्या तुकड्याच्या पाठीला, बाजूंना आणि विशेषतः बुडाच्या आडव्या छेदाला प्रायमरचे दोन-तीन हात द्या, नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. बूड फरशीला टेकू देऊ नका, 10 मि.मी. वर ठेवा. खाली दगडाचा किंवा कडक प्लॅस्टिकचा छोटा तुकडा ठेवा, आणि खांब हलू नये म्हणून 12 मि.मी.ची स्टेनलेस सळई फरशीत 50 मि.मी. आणि लाकडात 50 मि.मी. बसवा.

चिकटवण्याआधी जुन्या खांबाचा छेद 18 टक्क्यांच्या खाली आला आहे ना ते मोजा. आला नसेल तर काही दिवस थांबा, तोवर दाराऐवजी पडदा चालेल. इपॉक्सीचा पातळ हात दोन्ही छेदांवर लावा. तिरक्या छेदात तंतूंची तोंडं उघडी असल्याने ती गोंद पिऊन घेतात आणि सांधा कोरडा राहतो, म्हणून हा पहिला हात चुकवू नका. तो चिकट असतानाच घट्ट इपॉक्सी लावून जोडा, क्लॅम्प हलकेच आवळा, कारण फार आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो. वर चार स्टेनलेस स्क्रू तिरक्या सांध्याला शक्य तितके काटकोनात घाला आणि चोवीस तास हात लावू नका. खालची बिजागरी आता नव्या तुकड्यावर येते आणि दाराचं वजन त्यावर पडतं. ती सांध्याच्या रेघेपासून दूर, सलग लाकडात बसेल असं पाहा.

शेवटी बुडाखालची फट ओल्या बाजूने लवचिक सीलंटने बंद करा, कोरड्या बाजूने मोकळी सोडा. दोन्हीकडून बंद केलेली फट पाणी आत गेलं की बाहेर सोडत नाही.

कुजलेल्या भागात नुसती इपॉक्सी ओतून तो टणक करता येतो का? लहानशी, उथळ, पूर्ण सुकलेली जागा असेल आणि तिच्यावर भार नसेल, तर येतो. ओल्या लाकडावर ओतली तर ती वरून झाकण घालते, आत ओल कोंडते आणि भोवतीचं चांगलं लाकूड कुजत राहतं.

तुळईचं टोक

चौकट चुकली तर दार अडतं. तुळई चुकली तर छत खाली येतं. म्हणून तुळईच्या कामात पहिलं पाऊल टेकूचं. टोक तपासण्यासाठी गिलावा उघडण्याआधीच, टोकापासून थोडं आत, मजबूत टेकू द्या. टेकूखाली आणि वर जाड फळी हवी, आणि टेकूचा भार थेट जमिनीपर्यंत पोचायला हवा. खाली आणखी एक मजला असेल तर तिथेही त्याच रेषेत टेकू लागतो. टेकू तुळईला घट्ट टेकला की पुरे, तुळई वर उचलू नका. वर्षानुवर्षं वाकून बसलेलं लाकूड जबरदस्तीने उचललं तर वरची भिंत तडकते.

किती भाग गेला यावर निर्णय ठरतो, आणि इथे नजर फसवते. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गावर चालते. 250 मि.मी. उंच तुळईचा वरून 25 मि.मी. थर कुजला, तर 225 उरतात आणि ताकद राहते 81 टक्के. वरून आणि खालून दोन्हीकडे 25 गेले, तर 200 उरतात आणि ताकद फक्त 64 टक्के. उंची एक-पंचमांश घटली आणि ताकद एक-तृतीयांशाहून जास्त गेली. तुळई लवण्याविरुद्धचा कडकपणा तर उंचीच्या घनावर चालतो, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. बाजूने गेलेल्या लाकडाचं नुकसान त्या मानाने सरळ प्रमाणात असतं: 150 मि.मी. रुंदीतले 25 गेले तर ताकद एक-षष्ठांशाने घटते.

कूज वरवरची असेल, टोच्या सगळीकडे काही मि.मी.वर थांबत असेल आणि भिंतीतला भाग गिरमिटात टणक लागत असेल, तर मऊ थर पटाशीने तासून काढा, औषध भरा आणि टोकाभोवती 25 मि.मी. मोकळी जागा ठेवा. टोक भिंतीवर थेट न टेकता मधे ओल न चढू देणारी पट्टी किंवा दगडी बैठक असावी. मोकळी जागा सिमेंटने भरून गुळगुळीत करायचा आग्रह गवंडी धरतात, तो मान्य करू नका. तिथूनच तुळई श्वास घेते.

टेकणारा भागच मऊ असेल, तुळई लवलेली असेल किंवा गिरमिट आत मोकळं सुटत असेल, तर हे काम संरचना अभियंत्याच्या हिशेबाशिवाय करू नये. उपाय साधारण तीन असतात: कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंना नवं लाकूड किंवा पोलादी पट्ट्या बोल्टने जोडणं, टोकाखाली भिंतीतून किंवा खांबावर नवा आधार उभा करणं, किंवा राळ आणि सळयांनी नवं टोक घडवणं. जुन्या घरांत पहिला उपाय मला सरस वाटतो. तो नंतर उघडून तपासता येतो. अभियंत्याला विचारताना आपले मोजलेले आकडे द्या: कूज टोकापासून कुठपर्यंत, किती खोल, ओलावा किती, पाणी कुठून येत होतं. जोड-लाकूड चांगल्या भागावर किती लांब घ्यायचं आणि बोल्ट किती, हे त्याने सांगावं. तो अंदाजाचा भाग नाही.

नंतरची नोंद

दुरुस्ती झाली की मीटरच्या जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी मोजा, पहिल्या ओल्या ऋतूत महिन्याला एकदा. आकडा हळूहळू 15 च्या खाली स्थिरावला तर पाणी खरंच थांबलं आहे. एकदा 16 आणि एकदा 18 येणं हे ऋतूचं वर-खाली, त्याने घाबरू नका. पण सलग दोन मोजण्यांत 20 ओलांडले, तर रंग-गोंदाला हात न लावता पुन्हा उतार, पन्हळ आणि भर तपासायला जा. पाणी पुन्हा कुठूनतरी आत शिरतंय आणि नवं लाकूड अजून टणक आहे तोवरच ते सापडलं पाहिजे.